एका जोडीपुरती अट

एका गोल टेबलाभोवती काही माणसांना बसवायचे आहे. अट एकच: प्रत्येकाच्या डाव्या आणि उजव्या हाताला त्याच्या ओळखीचेच माणूस असले पाहिजे. कोणाची कोणाशी ओळख आहे, याची यादी आपल्याजवळ आहे. अशी बैठक जमेल का?

माणसे सहा असतील, तर कागद-पेन्सिल घेऊन उत्तर काढता येते. आरशातली रचना वेगळी धरली नाही, तर सहा जणांना गोलाकार बसवण्याच्या फक्त ६० तऱ्हा आहेत. एकेक तपासून पाहता येईल. माणसे वीस झाली की तीच संख्या सुमारे सहा कोटी अब्ज होते, म्हणजे सहावर सोळा शून्ये. एकेक तऱ्हा तपासण्याचा मार्ग तिथे बंद होतो. मग यादीकडे नुसते पाहून, प्रत्येकाच्या किती ओळखी आहेत एवढेच मोजून, ‘हो, बैठक नक्की जमेल’ असे छातीठोकपणे सांगता येईल का? काही वेळा येते, आणि ते का येते याची सिद्धता इतकी सुरेख आहे की गणिताशी फारसा संबंध न राहिलेल्या माणसालाही ती शेवटपर्यंत समजू शकते. या लेखात ती पूर्ण मांडणार आहे.

गणितात माणसांच्या जागी बिंदू काढतात आणि ओळख असलेल्या दोन बिंदूंना रेषेने जोडतात. या चित्राला ग्राफ म्हणतात. एखाद्या बिंदूला जितक्या रेषा येऊन मिळतात, ती त्या बिंदूची डिग्री. आपल्या भाषेत त्या माणसाच्या ओळखींची संख्या. प्रत्येक बिंदूवर एकदाच जाऊन, रेषांवरूनच चालत, जिथून निघालो तिथे परत आणणारी वाट म्हणजे हॅमिल्टन चक्र. गोल टेबलाची बैठक म्हणजे हेच चक्र. नाव डब्लिनचे गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन यांचे. बारा पंचकोनी बाजू असलेल्या घनाकृतीचे वीस कोपरे घ्यायचे आणि तिच्या कडांवरून फिरत प्रत्येक कोपऱ्याला एकदाच भेट द्यायची, असा खेळ त्यांनी १८५७ मध्ये शोधला आणि पुढे लंडनच्या एका खेळणी-विक्रेत्याला २५ पौंडांना विकला. थॉमस कर्कमन या इंग्लिश धर्मगुरूंनी घनाकृतींवरच्या अशा वाटांचा विचार त्याआधीच केला होता, पण नाव हॅमिल्टन यांचे राहिले.

असे चक्र आहे की नाही हे कोणत्याही ग्राफसाठी झटपट सांगणारी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी दाखवून दिले की हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अत्यंत कठीण समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या गटात मोडतो; त्यांपैकी एकासाठी जरी जलद रीत सापडली तरी सगळ्यांसाठी सापडेल. म्हणून गणितींनी दुसऱ्या बाजूने विचार केला. सर्व ग्राफ हाताळता येत नसतील, तर निदान पुरेशा दाट ओळखी असलेल्या ग्राफबद्दल तरी काही ठाम बोलता येईल का?

पहिले ठळक उत्तर १९५२ मध्ये गॅब्रिएल डिरॅक यांनी दिले. पदार्थविज्ञानातले पॉल डिरॅक हे त्यांचे सावत्र वडील. डिरॅक यांचा नियम असा: माणसे तीन किंवा अधिक असतील आणि प्रत्येकाची एकूण माणसांच्या निम्म्यांशी किंवा त्याहून जास्त जणांशी ओळख असेल, तर गोल बैठक नक्की जमते. नियम स्पष्ट आहे, पण कडक आहे. शंभर माणसांत एखादाच भिडस्त निघाला आणि त्याच्या ओळखी ४९ भरल्या, तर नियम हात वर करतो. मग बाकीच्या सगळ्यांच्या ९० ओळखी असल्या तरी उपयोग नाही.

१९६० मध्ये ऑयस्टीन ओरे यांनी ही अट सैल केली. ओरे मूळचे नॉर्वेचे, आयुष्य गेले अमेरिकेतल्या येल विद्यापीठात. गणिताखेरीज त्यांनी आबेल आणि कार्दानो या दोन गणितींची चरित्रेही लिहिली आहेत. ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मधल्या त्यांच्या एका छोट्या टिपणात आलेला नियम असा: प्रत्येकाच्या ओळखी वेगवेगळ्या मोजू नका. ज्यांची एकमेकांशी ओळख नाही, अशा जोड्या तेवढ्या पाहा. अशा प्रत्येक जोडीतल्या दोघांच्या ओळखींची बेरीज एकूण माणसांइतकी किंवा अधिक असेल, तर गोल बैठक जमते.

आता वरचा भिडस्त माणूस अडसर होत नाही. त्याच्या ४९ ओळखी आहेत, पण जे त्याला अनोळखी आहेत त्यांच्या ९०. बेरीज १३९, शंभराच्या वर. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ज्यांची ओळख आहे त्यांच्या बेरजेची तर चौकशीच नाही, आणि ते योग्यही आहे, कारण त्या दोघांना शेजारी बसवायला आधीच मोकळीक आहे.

हे का खरे असावे? सिद्धतेचा गाभा एका छोट्या युक्तीत आहे. ती आधी पाहू.

समजा, सगळी माणसे टेबलाभोवती बसली आहेत आणि सर्वत्र ओळखीचे शेजार जुळले आहेत, फक्त एका जागी दोन अनोळखी शेजारी आले आहेत. टेबल त्या जागी तोडून सर्वांना एका सरळ रांगेत बसवले, अशी कल्पना करा. रांगेत लागून बसलेल्यांची आपसांत ओळख आहे. फक्त रांगेच्या दोन टोकांचे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. या दोघांच्या ओळखींची बेरीज एकूण माणसांइतकी तरी आहे, असे धरू.

आता शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या फटींकडे पाहा. सहा माणसांच्या रांगेत पाच फटी असतात. फटी नेहमी माणसांपेक्षा एकाने कमी. या फटींवर दोन रंगांच्या खुणा करायच्या. डाव्या टोकाच्या माणसाची ज्या ज्या व्यक्तीशी ओळख आहे, तिच्या लगेच डावीकडच्या फटीवर लाल खूण. उजव्या टोकाच्या माणसाची ज्याच्याशी ओळख आहे, त्याच्या लगेच उजवीकडच्या फटीवर निळी खूण. टोकाचे दोघे एकमेकांना ओळखत नसल्यामुळे प्रत्येक ओळखीमागे बरोबर एक फट मिळते, आणि एका फटीवर एका रंगाची एकापेक्षा जास्त खूण पडत नाही. म्हणजे लाल खुणा डाव्या माणसाच्या ओळखींइतक्या, निळ्या खुणा उजव्या माणसाच्या ओळखींइतक्या. दोन्ही मिळून खुणा किमान एकूण माणसांइतक्या. फटी मात्र त्याहून एकाने कमी. तेव्हा एक तरी फट अशी असलीच पाहिजे, जिच्यावर लाल आणि निळ्या दोन्ही खुणा आहेत.

त्या फटीवर रांग तोडायची. फटीच्या डावीकडच्याला उजवे टोक ओळखते, कारण तिथे निळी खूण आहे. फटीच्या उजवीकडच्याला डावे टोक ओळखते, कारण तिथे लाल खूण आहे. मग फटीच्या पलीकडचा सगळा भाग जसाच्या तसा उचलून उलटा लावायचा. पूर्वी टोकाला असलेला माणूस आता फटीच्या डावीकडच्याशेजारी येतो, आणि फटीच्या उजवीकडचा आता नव्या टोकाला जातो, जिथून गोल पूर्ण करताना त्याला डाव्या टोकाच्या माणसाशेजारी बसायचे आहे. दोन्ही नव्या जोड्या ओळखीच्या. उलटलेल्या भागातल्या आतल्या जोड्या त्याच राहिल्या, फक्त दिशा बदलली. गोल पुरा झाला आणि अनोळखी शेजार नाहीसा झाला.

युक्ती संपली. पण ती वापरताना काय काय लागले, हे शांतपणे पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपण फक्त एकाच अनोळखी जोडीची बेरीज वापरली. ग्राफमधल्या इतर अनोळखी जोड्यांच्या बेरजा किती आहेत, याचा एका शब्दानेही उल्लेख आला नाही. ओरे यांच्या नियमात मात्र ‘प्रत्येक जोडी’ असे लिहिले आहे. म्हणजे सिद्धतेला जेवढे लागते त्यापेक्षा नियम जास्त मागतो आहे. ही तफावत १९७६ मध्ये एड्रियन बॉन्डी आणि व्हाशेक ख्वाताल यांनी हेरली आणि तिच्यातून एक स्वतंत्र पद्धतच उभी केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही ‘पद्धत’ असाच शब्द आहे.

त्यांचे म्हणणे असे. एखाद्या अनोळखी जोडीच्या ओळखींची बेरीज एकूण माणसांइतकी किंवा अधिक असेल, तर त्या दोघांची खुशाल ओळख करून द्या; चित्रात ती रेषा काढून टाका. या उसन्या ओळखीमुळे मूळ प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. उसनी ओळख धरून गोल बैठक जमत असेल, तर ती न धरताही जमते: बैठकीत ती वापरलीच गेली नसेल तर प्रश्नच नाही, आणि वापरली गेली असेल तर वरच्या युक्तीने तिच्यावाचून नवी बैठक करता येते. उलट दिशा तर उघड आहे. ओळखी वाढल्याने जमलेली बैठक मोडत नाही.

इथे हे थांबत नाही. एक ओळख वाढली की त्या दोघांच्याही डिग्री एकेकाने वाढतात. त्यामुळे मघाशी ज्या जोडीची बेरीज कमी पडत होती, ती आता पात्र ठरू शकते. मग तिचीही ओळख करून द्यायची. असे करत करत, नवी रेषा काढायला एकही जोडी उरत नाही तोवर जायचे. शेवटी जो ग्राफ हाती येतो, त्याला मूळ ग्राफचे क्लोजर म्हणतात. मूळ ग्राफमध्ये हॅमिल्टन चक्र असते ते क्लोजरमध्ये असेल तेव्हाच, आणि क्लोजरमध्ये असेल तर मूळ ग्राफमध्येही असतेच.

एक उदाहरण हाताने करू. माणसे सहा: अ, ब, क, ड, इ, फ. ओळखी आठच: अ-ब, अ-ड, ब-क, ब-इ, ब-फ, क-ड, क-इ, इ-फ. वाचकांनी कागदावर सहा बिंदू काढून या रेषा ओढल्या तर पुढचे वाचायला सोपे जाईल. डिग्री मोजा: ‘ब’च्या चार, ‘क’ आणि ‘इ’ यांच्या तीन-तीन, ‘अ’, ‘ड’ आणि ‘फ’ यांच्या दोन-दोन. अ आणि फ यांची ओळख नाही आणि त्यांची बेरीज चार, सहापेक्षा कमी. तेव्हा ओरे यांचा नियम इथे लागू होत नाही. डिरॅक यांचा तर नाहीच.

क्लोजर काढून पाहू. सहाला पुरी पडणारी अनोळखी जोडी शोधायची. ब-ड: चार अधिक दोन, सहा. पहिली उसनी रेषा ब-ड. आता ‘ड’च्या ओळखी तीन झाल्या, म्हणून ड-इ पात्र: तीन अधिक तीन. ती दुसरी. त्यामुळे ‘ड’ चारवर गेला आणि ड-फ पात्र झाली: चार अधिक दोन. ती तिसरी. ‘इ’सुद्धा चारवर पोचला आहे, म्हणून अ-इ: दोन अधिक चार. ही चौथी. सुरुवातीला याच जोडीची बेरीज पाच होती आणि ती नापास झाली होती, हे लक्षात घ्या. हाताने क्लोजर काढताना हमखास होणारी चूक इथेच असते: एकदा नाकारलेली जोडी माणूस पुन्हा तपासत नाही. प्रत्येक नव्या रेषेनंतर, जिच्या टोकांची डिग्री वाढली अशा सर्व उरलेल्या जोड्या पुन्हा पाहाव्या लागतात. पुढे अ आणि फ या दोघांच्याही ओळखी आता तीन-तीन आहेत, म्हणून अ-फ पाचवी. ज्या जोडीने ओरे यांचा नियम अडवला होता, तीच. मग क-फ, तीन अधिक चार. आणि शेवटी अ-क, चार अधिक चार. एकूण सात उसन्या रेषा. आठ अधिक सात म्हणजे पंधरा, आणि सहा बिंदूंमध्ये जास्तीत जास्त तेवढ्याच रेषा असू शकतात. सगळ्यांची सगळ्यांशी ओळख झाली.

सगळे सगळ्यांना ओळखत असतील तर कसेही बसवा, बैठक जमतेच. म्हणजे मूळच्या आठ ओळखींवरही ती जमलीच पाहिजे. एकही रचना करून न पाहता हे उत्तर मिळाले.

पण कोणी म्हणेल, नुसते ‘जमते’ म्हणून काय उपयोग, बसवून दाखवा. क्लोजरची खरी गंमत मला इथे वाटते. उसन्या रेषा ज्या क्रमाने घेतल्या त्याच्या उलट्या क्रमाने परत करत गेलो की खरी बैठक आपोआप हाती येते.

सुरुवात अक्षरांच्या साध्या क्रमाने करू: अ, ब, क, ड, इ, फ आणि परत अ. या गोलात दोन शेजार उसने आहेत: ड-इ, जी दुसरी घेतली होती, आणि फ-अ, जी पाचवी. आधी सर्वांत उशिरा घेतलेली परत करायची, म्हणजे अ-फ. तिथे गोल तोडला की रांग होते अ, ब, क, ड, इ, फ. अ-फ घेण्याच्या क्षणी जे चित्र होते, तेच डोळ्यांसमोर ठेवायचे. त्या वेळी ‘अ’च्या ओळखी ब, ड आणि इ, ‘फ’च्या ब, ड आणि इ. पाच फटी, सहा खुणा. ड आणि इ यांच्यामधल्या फटीवर दोन्ही रंग येतात: ‘फ’ची ‘ड’शी ओळख आहे आणि ‘अ’ची ‘इ’शी. तिथे तोडून पुढचा भाग उलटवला की नवा गोल मिळतो: अ, ब, क, ड, फ, इ.

आता काय झाले पाहा. अ-फ गेली, ड-इ देखील गेली. पण ड-फ आणि अ-इ या दोन उसन्या रेषा नव्याने आत आल्या. दोन फेडल्या, दोन अंगावर घेतल्या. पहिल्यांदा हे पाहताना वाटते की आपण जागीच फिरतो आहोत. तसे नाही. नव्या आलेल्या दोन्ही रेषा तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या आहेत, फेडलेल्या पाचवीपेक्षा जुन्या. हे योगायोगाने घडलेले नाही. पाचवी घेण्याच्या क्षणाचेच चित्र वापरल्यामुळे तिच्यानंतरची कोणतीही रेषा आत शिरूच शकत नाही. गोलातल्या सर्वांत नव्या उसन्या रेषेचा क्रमांक प्रत्येक पायरीला खाली येत राहतो, आणि सात रेषा असतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तो संपतो.

दुसरी पायरी: आता सर्वांत नवी अ-इ, चौथी. तिथे तोडले की रांग अ, ब, क, ड, फ, इ. त्या क्षणी ‘अ’च्या ओळखी फक्त ब आणि ड, ‘इ’च्या ब, क, ड आणि फ. क आणि ड यांच्यामधल्या फटीवर दोन्ही खुणा पडतात. उलटवून नवा गोल: अ, ब, क, इ, फ, ड. उसनी एकच उरली, ड-फ, तिसरी. तिथे तोडून रांग लावली फ, इ, क, ब, अ, ड. ‘फ’च्या ओळखी ब आणि इ, ‘ड’च्या अ, ब, क आणि इ. क आणि ब यांच्यामधली फट दोन्ही रंगांची. उलटवून: फ, इ, क, ड, अ, ब आणि परत फ. एकेक शेजार मूळ यादीशी ताडून पाहा: फ-इ, इ-क, क-ड, ड-अ, अ-ब, ब-फ. सहाच्या सहा मूळच्या ओळखी आहेत.

उलटा क्रम पाळला नसता तर? सुरुवातीच्या गोलात अ-फ सोडून आधी ड-इ काढायला गेलो आणि सगळ्या उसन्या ओळखी धरून खुणा केल्या, तर अ आणि फ यांच्यामधल्या फटीवरही दोन्ही रंग येतात. ती निवडली की दुसऱ्या क्रमांकाची रेषा जाते, पण तिच्याजागी तिसरी आणि चौथी आत येतात. बैठक चुकीची ठरत नाही, पण प्रक्रिया संपेल याची हमी हातातून जाते. शिस्त आहे ती या हमीसाठी.

एक शंका इथे रास्त आहे. उसन्या रेषा घेताना एका वेळी अनेक जोड्या पात्र असू शकतात. त्यांतली कोणती आधी घ्यायची हे आपण मनाने ठरवले. दुसऱ्या कोणी वेगळा क्रम धरला तर त्याचे क्लोजर वेगळे येईल का? येत नाही. समजा माझ्या क्रमात काढलेली एखादी रेषा तुमच्या अंतिम चित्रात नाही. अशा रेषांपैकी मी सर्वांत आधी काढलेली घ्या. ती काढण्यापूर्वीच्या माझ्या सगळ्या रेषा तुमच्या चित्रात आहेत. मग त्या जोडीच्या ओळखी तुमच्या चित्रात माझ्या त्या वेळच्या चित्राहून कमी असूच शकत नाहीत, म्हणजे बेरीज पुरेशी आहे, म्हणजे तुम्ही अजून थांबायला नको होते. तुमचे चित्र अंतिम आहे असे धरले होते, तेव्हा हे विसंगत आहे. हाच विचार उलट बाजूनेही लागू होतो, म्हणून दोघांची अंतिम चित्रे एकच.

ओरे यांचा नियम आता वेगळा सिद्ध करावा लागत नाही. त्यात प्रत्येक अनोळखी जोडी पहिल्यापासूनच पात्र असते. डिग्री वाढतच जातात, कमी होत नाहीत, त्यामुळे सगळ्या रेषा एकामागून एक काढता येतात आणि क्लोजर पूर्ण होते. डिरॅक यांचा नियमही त्याच्या पोटात येतो, कारण निम्मे आणि निम्मे मिळून पूर्ण होतात. आपले सहा जणांचे उदाहरण मात्र या दोन्ही नियमांच्या बाहेरचे होते आणि तरी क्लोजरने ते सोडवले.

मग बेरजेची अट आणखी एकाने खाली आणता येईल का? नाही. पाच माणसे घ्या: अ, ब आणि क यांची आपसांत ओळख, क, ड आणि इ यांची आपसांत ओळख, बाकी कोणाची नाही. चित्रात दोन त्रिकोण एका कोपऱ्यावर चिकटलेले दिसतात. प्रत्येक अनोळखी जोडीची बेरीज दोन अधिक दोन, चार. हवी होती पाच. फक्त एकाने कमी. पण गोल बैठक अशक्य, कारण पहिल्या गटातून दुसऱ्यात जायला आणि परत यायला ‘क’ हा एकच दुवा आहे आणि त्याला दोन जागी बसवता येत नाही.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. क्लोजर पूर्ण झाले तर उत्तर ‘हो’. क्लोजर अपुरे राहिले तर उत्तर ‘नाही’ असे मात्र होत नाही. हॅमिल्टन यांच्या खेळातली घनाकृती घ्या. वीस कोपरे, प्रत्येकाला तीनच कडा. कोणत्याही जोडीची बेरीज सहा, हवी वीस. पहिली उसनी रेषासुद्धा काढता येत नाही, ग्राफ स्वतःच स्वतःचे क्लोजर ठरतो. तरी तिथे चक्र आहे. खेळ त्यावरच उभा होता. याउलट पीटरसन ग्राफ नावाचा एक प्रसिद्ध ग्राफ आहे: दहा बिंदू, प्रत्येकाची डिग्री तीन. तिथेही बेरीज सहा, हवी दहा, तिथेही क्लोजर जागचे हलत नाही, आणि तिथे मात्र चक्र खरोखरच नाही. विरळ ओळखींच्या या प्रदेशात क्लोजर दोघांनाही सारखेच सामोरे जाते आणि दोघांबद्दलही गप्प राहते. जिथे थोडी तरी भर घालता येते, तिथे मात्र मूळ ग्राफऐवजी क्लोजरवर विचार करणे नेहमी फायद्याचे. क्लोजर काढण्याचे काम संगणकाला हजारो बिंदूंसाठीही जड नाही, आणि अधिक रेषा असलेल्या चित्रात चक्र शोधणे सहसा सोपे जाते.

दोन त्रिकोणांच्या त्या उदाहरणाकडे पुन्हा पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. तिथे गोल बैठक जमत नाही, पण सरळ रांग जमते: अ, ब, क, ड, इ. हे सर्वत्र खरे आहे. प्रत्येक अनोळखी जोडीची बेरीज एकूण माणसांपेक्षा एकाने कमी असली तरी सगळ्यांची सरळ रांग लावता येते, जिथे लागून बसलेले सारे ओळखीचे असतील. त्यासाठी नवी सिद्धता लागत नाही. सगळ्यांना ओळखणारा एक काल्पनिक पाहुणा बोलवा. माणसे एकाने वाढली, म्हणून हवी असलेली बेरीज मूळच्या माणसांहून एकाने अधिक झाली. पण पाहुण्यामुळे प्रत्येकाची ओळखही एकेकाने वाढली, म्हणजे जोडीची बेरीज दोनाने वाढली आणि ती बरोबर हव्या तेवढी भरली. ओरे यांच्या नियमाने गोल बैठक जमते. मग पाहुण्याला टेबलावरून उठवा. त्याच्या जागी गोल तुटतो आणि उरते ती हवी असलेली रांग.